पाच शिट्ट्या

माझ्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी काळी आहे. मैदानावर असेन तेव्हा शिट्टी दातात धरायची आणि रेषेवर धनुष्य असेपर्यंत बाहेर काढायची नाही, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. बोलायचं तर ती तोंडाच्या कोपऱ्यात सरकवून बोलते. सुरुवातीला लोक हसायचे. बोईसरच्या कामगार वसाहतीतल्या बायका आपसात मला शिट्टीवाली म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

दर रविवारी सकाळी वसाहतीच्या मागच्या मैदानात मी नवशिक्यांना धनुर्विद्या शिकवते. कारखान्यांत काम करणारे, वीज प्रकल्पात असणारे, त्यांच्या बायका, आणि माझ्या नवापूरच्या दोन-तीन कोळणी. मैदान वसाहतीच्या समितीचं आहे. तिथे बाण मारू द्यायचे की नाही हे समिती ठरवते, आणि समिती विचारते तिच्या सुरक्षेच्या माणसाला. गेल्या वर्षी हा माणूस बदलला. नवा माणूस पाहणीला येणार, त्याने हो म्हटलं तर वर्ग चालू, नाही म्हटलं तर बंद, एवढं मला कळवण्यात आलं. कोण येणार ते कोणी सांगितलं नाही.

आला तो तोच.

मी त्याला इथे 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते, तेवढं पुरे.

मी एकोणीस वर्षांची असताना पालघरला निवड शिबिर होतं. मी नवापूरची, घरात बोट, अंगणात सुकत घातलेले बोंबील, आणि धनुष्य हातात आलं ते शाळेतल्या एका बाईंच्या हट्टाने. शिबिरात तो मैदानप्रमुख होता. रेषेवर आम्ही चौघी होतो, बाण लावलेले. एक शिट्टी झाली म्हणजे मारायला सुरुवात. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी मारणं थांबवून बाण आणायला जायचं. तीन शिट्ट्या झाल्या नव्हत्या. त्याच्यासोबत कोणी पाहुणे आले होते, त्यांना लक्ष्यावरचे बाण दाखवायला म्हणून तो बाजूने पुढे गेला. मी दोरी ओढून धरलेली होती, डोळा लक्ष्यावर होता. सोडली. बाण त्याच्या दंडाला चाटून गेला. सदरा फाटला, तीन टाके पडले.

चौकशी झाली. तो म्हणाला, मी तीन शिट्ट्या वाजवल्या होत्या, या मुलीने त्यानंतर बाण सोडला. पाहुणे म्हणाले, आमचं लक्ष नव्हतं. उरलेल्या तिघी मुली मूग गिळून बसल्या, त्यांनाही निवड हवी होती. नोंदवहीत एकच ओळ आली, 'खेळाडूने तीन शिट्ट्यांनंतर बाण सोडला.' मला दोन वर्षं मैदानावर पाऊल ठेवायला बंदी झाली.

माझे बाबा त्याला भेटायला पालघरला गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पहाटेच्या बोटीतली दोन मोठी पापलेटं पिशवीत घेऊन गेले. त्याने पापलेटं घेतली. बाबांना दारातच उभं ठेवलं आणि म्हणाला, पोरीला सांगा, शिस्त लागते. बाबा घरी आले तेव्हा पिशवी रिकामी होती, हात हलवत आले. त्या दिवशी मी जेवले नाही. बंदी उठली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, पुढे दोन बाळंतपणं झाली, आणि खेळाडू म्हणून मी संपले.

त्याच्या दंडावरची जखम केव्हाच भरून आली असेल. माझ्या मनातली ती ओळ मात्र पुसली गेली नाही, आणि खरं सांगते, ती पुसली जावी म्हणून मी कधी काही केलंही नाही. सोळा वर्षं मी ती जपून ठेवली.

तर तो आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, हातात फोन. मला ओळखलं नाही. माझं आडनाव बदललं होतं, मीही बदलले होते. मी त्याला पहिल्या नजरेत ओळखलं. पाण्याची बाटली उघडून उगाच दोन घोट घेतले.

माझ्याकडे एक जाड वही आहे. मैदानात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पानावरचे नियम वाचून दाखवायचे, मग त्याने सही करायची. पाहणी करणाऱ्यालाही. मी त्याला वही दिली.

"वाचा, सर."

"अहो, मला कसले नियम सांगता. मी यात आयुष्य घालवलंय," असं म्हणत त्याने न वाचताच सही ठोकली.

मी तरीही मोठ्याने वाचून दाखवले. मारण्याची रेषा पांढरी, तिच्या मागे पाच मीटरवर थांबण्याची रेषा पिवळी. पाहुण्यांनी पिवळ्या रेषेच्या मागेच बसायचं. तीन शिट्ट्या होईपर्यंत पांढऱ्या रेषेपुढे कोणी पाऊल टाकायचं नाही, पडलेला बाण उचलायलाही नाही, कशासाठीही नाही. हे वाचताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो फोनमध्ये काहीतरी बघत होता.

माझा बेत साधा होता. त्याला नवशिक्यांच्या रांगेत उभं करायचं आणि सगळ्यांसमोर शिकवायचं. पाहणी करणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहिलं पाहिजे, असं मी म्हणाले. वसाहतीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या, त्याला नाही म्हणता येईना.

आधी पायांपासून. "रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल, सर. खांद्याइतकं अंतर. डावा खांदा लक्ष्याकडे." तो समोरासमोर उभा राहिला, बंदूक धरायला निघाल्यासारखा. "नाही नाही. छाती लक्ष्याकडे नको, बाजू लक्ष्याकडे." मी हात न लावता बोटाने दाखवलं. "वजन दोन्ही पायांवर सारखं. टाचेवर झुकू नका. पोट आत. आणखी आत."

कोणीतरी फिसकन हसलं. मला फार गोड वाटलं.

नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा धनुष्य देत नाही मी, रबराचा पट्टा देते. पट्टा ओढायचा, हात हनुवटीखाली आणायचा, कोपर मागे, आणि थांबायचं. मग 'खाली' म्हटलं की सावकाश, न सोडता, होता तिथे परत न्यायचं. ही परत न्यायची सवय सगळ्यात मोठी. ओढलेला बाण न सोडता खाली घेता आला पाहिजे, तरच तो माणूस रेषेवर उभा राहण्याच्या लायकीचा. इतरांना मी तीन आकडे मोजून 'खाली' म्हणते. त्याला ओढून धरायला लावलं आणि 'खाली' म्हणायला विसरल्याचं नाटक केलं. त्याचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम आला.

"मॅडम, खाली?" तो म्हणाला.

"आज्ञा झाल्याशिवाय नाही, सर. शिस्त लागते."

त्याच्या लक्षात काही आलं नाही. माझं मात्र अंग मोहरून गेलं. मग म्हणाले, खाली.

मग धनुष्य दिलं, अगदी हलकं, शिकाऊ. हातावर मनगटापासून कोपराकडे जाणारं चामड्याचं कवच, बोटांवर चामड्याची पट्टी. बाण लावताना वेगळ्या रंगाचं पीस धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला, एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, धनुष्य फुटतं. बाण लावलेला असेल तेव्हा टोक फक्त लक्ष्याकडे, नाहीतर जमिनीकडे, कोणाशी बोलायला वळायचं नाही. दहा मीटरवर सगळ्यात मोठं लक्ष्य होतं, त्याच्यामागे मातीचा उंच बांध. नवापूरच्या मंडळींनी मागे लावायला जुनी जाळी देऊ केली होती. मी नको म्हटलं, कारण बाण जाळ्यातून आरपार जातो. त्याने तीन बाण मारले. दोन बांधात, एक लक्ष्याच्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या त्या एकावर तो इतका खूश झाला की मला त्याचा आनंदही सहन होईना.

"छान," मी म्हणाले. "आता मागे बसा. पिवळ्या रेषेच्या मागे."

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं होतं, आणि इथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या तुकडीत चौघं होते. पहिल्या जागी नवापूरचीच एक मावशी, पंचेचाळिशीची, आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन सातपाटी ते बोईसर बाजार करणारी. तिला बाण मारायचा होता तो का, हे तिलाच माहीत नव्हतं. तिच्या मुलाने घरी लॅपटॉपवर खेळ बघताना आईला विचारलं, तुला काय आवडेल, आणि ही धनुष्यबाणाकडे बोट करून म्हणाली, ते. पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या वर सरकवून कवचाखाली दाबलेल्या, कारण पहिल्या रविवारी दोरी बांगड्यांना लागली होती आणि हात निळा झाला होता. तिला मी उभं राहायला शिकवलंच नव्हतं. पाटी डोक्यावर घेऊन उभी राहतेस तशी राहा, एवढं म्हटलं होतं, आणि ती राहिली होती. दुसऱ्या जागी उत्तर प्रदेशातून आलेला कारखान्याचा एक कामगार, नवखा, भीत भीत ओढणारा. उरलेले दोघं वीज प्रकल्पातले.

दोन शिट्ट्या. चौघं रेषेवर आले. मी म्हटलं, बाण लावा. सगळ्यांनी लावले. एक शिट्टी. चौघांनी ओढायला घेतलं.

केळव्याला एका रिसॉर्टमध्ये मुंबईच्या पाहुण्यांसाठी म्हणे बाण मारायची सोय आहे. रेषा नाही, शिट्टी नाही, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने समोरून फोटो काढायचा. हे मी वर्गात वारंवार सांगते, शिव्या देऊन सांगते. तरीही लोकांना वाटतं की समोरून काढलेला फोटोच खरा. त्यालाही तसंच वाटलं असणार. अहवालात घालायला फोटो हवा होता, चौघांचे चेहरे एका रांगेत, ओढलेली धनुष्यं. तो खुर्चीतून उठला, पिवळी रेषा ओलांडली, बाजूने पांढऱ्या रेषेच्याही पुढे गेला आणि पहिल्या लक्ष्याच्या जरा अलीकडे, तिरका उभा राहून फोन वर केला.

मी हे पाहिलं. पहिल्या पावलापासून पाहिलं.

शिट्टी दातात होती. पाच शिट्ट्या वाजवायच्या असतात, धोका दिसला की लागोपाठ पाच, म्हणजे सगळ्यांनी ओढलेलं खाली घ्यायचं. त्या क्षणी फक्त एकदा फुंकायचं होतं, बाकीच्या चार आपोआप निघाल्या असत्या. माझ्या छातीत श्वास भरलेला होता. मी तो सोडला नाही.

विचार केला असं म्हणणार नाही, विचार नव्हताच. डोळ्यांसमोर बाबांची रिकामी पिशवी होती. तो होता, तसाच, तिथेच, बाजूने पुढे गेलेला, तीन शिट्ट्या न वाजता. आणि आतून कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, होऊ दे. माझंच कोणीतरी होतं ते, दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही. एक श्वास गेला, कदाचित दीड.

"थांबाऽऽऽ!"

मावशी ओरडली. बंदरावर बोट लागताना दहा जणींच्या वरून जाणारा तिचा तो आवाज. माझा नियम आहे, धोका जो पहिला पाहील त्याने ओरडायचं, मग तो कोणी असो, समोर कोणी असो. ही गोष्ट शिकताना सगळ्यात जास्त लाजत होती ती मावशीच, म्हणायची, मोठ्या मानसावर कसं वरडायचं.

तिने ओढलेला बाण सावकाश, न सोडता, खाली घेतला. मी शिकवलं होतं तसा. वीज प्रकल्पातल्या दोघांनीही घेतला. दुसऱ्या जागचा कामगार दचकला आणि त्याच्या बोटांतून दोरी निसटली. बाण वाकडा गेला आणि गवतात रुतला, फोटो काढणाऱ्याच्या पायापासून दोन पावलांवर.

मग माझ्या पाच शिट्ट्या वाजल्या. आवाज मैदानभर गेला. त्या वेळी वाजवून काही उपयोग नव्हता, पण वाजवल्या.

तो तिथेच उभा होता, फोन अजून वर. कामगार धनुष्य खाली ठेवून मटकन बसला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "मैडम, मैंने नहीं छोड़ा, छूट गया, मैडम, छूट गया." मी सगळ्यांना बाण भात्यात ठेवायला सांगितले, धनुष्यं मांडणीवर ठेवायला सांगितली, पिवळ्या रेषेमागे पाठवलं. कामगाराला म्हटलं, तुमची काही चूक नाही. तो रडायचा थांबेना. तीच भीती मला आठवत होती, एकोणीस वर्षांची असतानाची.

मावशी माझ्याजवळ आली. शिट्टी माझ्या गळ्यात लोंबत होती. ती हळू आवाजात बोलली.

"बाय, तुला दिसलं व्हतं."

मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मी बगितलं तुज्याकडं. तुजा डोला त्याच्यावर व्हता. तू शिट्टी का नाय वाजवलीस?"

"मावशे, त्या माणसाने..." मी सुरुवात केली आणि थांबले. काय सांगणार होते? पापलेटांची गोष्ट?

"त्यानं काय केलं ते तुजं तुला," ती म्हणाली. "माजा बान लागला असता तं? तो पडला असता तं? नाव कुनाचं आलं असतं वहीत? तुजं नाय. माजं."

ती वळली. जाऊन पिवळ्या रेषेमागे बाकीच्यांसोबत बसली, बांगड्या खाली सरकवल्या.

मला त्या आधी कधी कोणी थोबाडीत मारली नव्हती. तिने हात उचलला नाही, पण गाल तापला. सोळा वर्षं मी ज्या माणसाला शिव्या दिल्या, त्याच्या जागी मी स्वतः उभी होते, शिट्टी तोंडात घेऊन. आणि माझ्या जागी तिला उभं केलं होतं, किंवा त्या रडणाऱ्या कामगाराला.

पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर वही होती. तो आधीच तिथे येऊन बसला होता. रंग उतरलेला, पण तोंड परत सुरू झालेलं. त्याने मला आता नीट पाहिलं. फोटो काढायला म्हणून त्याने फोन वर केला होता तेव्हा माझा चेहरा त्यात आला असावा, किंवा त्या 'शिस्त लागते'ने काम केलं असावं.

"तुम्ही नवापूरच्या ना?" तो म्हणाला. "तेव्हाच्या."

"हो."

मग त्याने खुर्ची पुढे ओढली, आवाज खाली आणला. "हे बघा. जे झालं ते झालं, कोणाला लागलं नाही. शिट्टी वाजली नाही, हे मी पाहिलं. मी पुढे गेलो, हे तुम्ही पाहिलं. तुम्ही तुमचं लिहू नका, माझं लिहू नका. मी अहवालात सगळं उत्तम म्हणून देतो. मैदान तुमचं, वर्ग तुमचा. लिहिलंत की मैदान बंद होईल, समिती ऐकणार नाही. या बायकांचा विचार करा."

त्याने मांडलेला हिशेब चोख होता. त्याच्यावर मेहेरबानी केल्याचं दाखवून मी सुटू शकत होते. त्याचा अहवाल उत्तम, माझी वही कोरी, मावशीच्या प्रश्नाला कधीच उत्तर नाही. मी क्षणभर पेन फिरवत बसले. खोटं बोलत नाही, मोह झाला.

मग मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मावशीला पुढे उभं केलं, कामगाराला तिच्या शेजारी. आणि मोठ्याने वाचत लिहायला लागले.

"पहिली नोंद. बाण ओढलेले असताना माणूस पांढऱ्या रेषेपुढे गेलेला प्रशिक्षिकेला दिसला. तिने पाच शिट्ट्या वेळेवर वाजवल्या नाहीत. त्याला जुना राग कारण होता. ही चूक प्रशिक्षिकेची. धोक्याचा इशारा शिकाऊ बाईंनी दिला. कामगाराच्या हातून दोरी सुटली ती इशाऱ्याने दचकून. या दोघांचीही चूक नाही." खाली मी सही केली.

'जुना राग' ऐकून त्याने मान वर केली.

"दुसरी नोंद. सुरक्षेच्या पाहणीसाठी आलेल्या सदस्यांनी नियम वाचून न घेता सही केली, पिवळी आणि पांढरी रेषा ओलांडली आणि तीन शिट्ट्या न होता लक्ष्याजवळ गेले. ही चूक सदस्यांची." मी वही त्याच्यासमोर सरकवली. "सही, सर."

"मी सही करणार नाही."

"हरकत नाही. मग सदस्यांनी सही नाकारली, असं लिहिते. पेन चालू आहे अजून."

मी स्वतःचं लिहून टाकलं नसतं तर त्याच्याकडे उलट बोलायला जागा होती. माझ्यावर खापर फोडायला तीच एक जागा होती आणि ती मीच भरून टाकली होती. त्याने आजूबाजूला पाहिलं. वीज प्रकल्पातला एक जण, बिचारा अगदी शांत माणूस, म्हणाला, "करा साहेब, आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

त्याने सही केली. पालघरच्या त्या चौकशीत शिबिरातल्या तीन मुली गप्प राहिल्या होत्या. इथे कोणी गप्प राहिलं नाही, हे मला त्याच्या सहीपेक्षाही जास्त आवडलं.

मैदान बंद झालं. समितीने माझी पहिली नोंद वाचली आणि पुन्हा पाहणी होईपर्यंत वर्ग थांबवला. दोन महिने मी रविवारी घरी बसले, बसून राग राग केला. दोन-तीन जण परत आलेच नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण लिहिलेलं खोडावंसं वाटलं नाही. पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा समितीने एक अट घातली, रेषेवर शिट्ट्या दोघांकडे हव्यात. दुसरी शिट्टी मी मावशीकडे दिली. तिने ती पदराला बांधली आणि म्हणाली, "मला शिट्टी कशाला, मी वरडतेच." तरी ठेवली.

तो समितीतून बाजूला झाला. कोणी काढलं नाही असं ऐकते. ज्या पानावर स्वतःची अशी सही आहे त्या पानासमोर बसून लोकांना सुरक्षा शिकवणं त्याला जमेना म्हणे. हे ऐकून मला बरं वाटलं. अगदी बरं वाटलं. माणसाने मोठं मन करावं वगैरे मला जमत नाही, आणि जमत नाही हे मी लपवत नाही. बाबा आज असते तर मी त्यांना ते पान नेऊन दाखवलं असतं.

आता नवीन तुकडी आली की पहिल्या रविवारी, धनुष्य कोणाच्या हातात देण्याआधी, मी वहीचं ते पान उघडते. नियमांनंतर ते वाचून दाखवायचं, हा आता माझ्या वर्गाचा भाग आहे. मावशी शेजारी उभी असते. पहिली नोंद वाचताना माझा आवाज अजून दर वेळी अडखळतो, 'तिने वाजवल्या नाहीत' इथे येऊन मी थांबते, आणि मावशी माझ्याकडे बघत नाही. मग पाणी पिते, पान सरळ करते आणि दुसरी नोंद वाचते. ती मी सावकाश वाचते, शेवटच्या सहीपर्यंत, एकही शब्द न गाळता.